एक्स्पोजर थेरपीत मेंदू नेमके काय शिकतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॅनिक अटॅकसाठी एक्स्पोजर थेरपी, म्हणजे ज्याची भीती वाटते त्याला मुद्दाम सामोरे जाण्याचा उपचार, घेणाऱ्या किंवा घेण्याचा विचार करणाऱ्या पुण्यातील रुग्णांकडून आणि त्यांच्या घरच्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. सर्व उत्तरांमधून एकच उदाहरण पुढे नेले आहे. ते कोणा एका व्यक्तीचे नसून अनेक रुग्णांच्या अनुभवांवरून जोडलेले आहे.

एक्स्पोजर म्हणजे भीतीची सवय करून घेणे, असेच ना?

बहुतेक लोक असेच समजतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही. "चार वेळा कर, भीड चेपेल" हा सल्ला आपल्याकडे घराघरांत दिला जातो, आणि बरीच वर्षे मानसोपचारातही साधारण हाच विचार चालत असे. जोसेफ वोल्पे यांनी 1958 मध्ये मांडलेल्या पद्धतीत रुग्णाला आधी शरीर सैल सोडायला शिकवत आणि मग भीतीच्या गोष्टी सौम्य क्रमाने कल्पनेत आणवत, म्हणजे शांतपणाने भीतीला दाबून टाकले जाईल अशी अपेक्षा असे. पुढे 1986 मध्ये एडना फोआ आणि मायकेल कोझॅक यांनी भीतीच्या प्रक्रियेची मांडणी केली. एका सत्रात भीतीचा आकडा खाली येणे आणि एका सत्रापासून पुढच्या सत्रापर्यंत तो आणखी उतरणे, ही उपचार लागू पडत असल्याची खूण मानली गेली. त्यांच्या लेखनात भीतीचा समज दुरुस्त करणाऱ्या माहितीलाही महत्त्वाचे स्थान होते, पण प्रत्यक्ष व्यवहारात अनेक चिकित्सकांच्या हाती उरला तो केवळ आकडा. शंभरपैकी ऐंशीवरून वीसवर भीती उतरली की सत्र यशस्वी, नाही उतरली तर अपयशी.

आज या क्षेत्रात ज्या मांडणीचा आधार सर्वाधिक घेतला जातो ती वेगळी आहे. मिशेल क्रास्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 पासून ती सविस्तर मांडली आणि 2014 च्या त्यांच्या निबंधात तिला प्रत्यक्ष उपचाराचे रूप दिले. तिचा गाभा असा की जुनी शिकवण पुसली जात नाही. "ही खूण म्हणजे धोका" हे मेंदूने एकदा शिकलेले तसेच राहते आणि त्याच्या शेजारी "ही खूण आहे, पण काही झाले नाही" अशी दुसरी, जुनीला रोखून धरणारी शिकवण तयार होते. पुढे त्या प्रसंगी दोघींपैकी कोणती वर येईल, यावर सगळे अवलंबून असते.

जुनी शिकवण पुसली जात नाही हे कशावरून?

भीती खरोखर झिजून संपत असती, तर ती परत येताच कामा नये. ती परत येते, आणि तीही ओळखता येण्याजोग्या नियमांनी येते.

पहिली नोंद पाव्हलॉव्ह यांची आहे. कुत्र्याला घंटेनंतर अन्न देणे बंद केले की काही वेळाने घंटेला लाळ सुटणे थांबते. पण मध्ये विश्रांतीचा काळ गेला आणि पुन्हा घंटा वाजली, तर लाळ पुन्हा सुटते, आणि मध्ये कोणी काही नव्याने शिकवलेले नसते. दुसरी नोंद मार्क बाउटन यांच्या प्रयोगांमधून आली. विजेच्या धक्क्याशी जोडलेली खूण धक्क्याविना पुन्हा पुन्हा दाखवून उंदराची भीती ज्या खोलीत मोडली, त्या खोलीबाहेर नेऊन तीच खूण दाखवली की भीती पुन्हा उभी राहते. तिसरी रॉबर्ट रेस्कोर्ला यांनी 1975 मध्ये दाखवली. भीती मोडल्यानंतर खुणेशी संबंध नसलेला एखादा विजेचा धक्का बसला, तरी जुन्या खुणेची भीती परत जागी होते.

काळ गेला, जागा बदलली, किंवा आणखी एखादा वाईट प्रसंग घडला, या तिन्ही वेळी जुनी शिकवण जशीच्या तशी सापडते. पुसलेल्या पाटीवर हे शक्य नाही.

मेंदूत हे कुठे घडते?

थोडक्यात सांगायचे तर, भीतीची जोडणी अमिग्डला या भागात जपली जाते, तिला रोखणारी शिकवण टिकवण्यात कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सच्या मधल्या पट्ट्याचा मोठा वाटा असतो, आणि "आपण आत्ता कुठे आहोत, कोणत्या परिस्थितीत आहोत" हे हिपोकॅम्पस सांगतो, ज्यावरून दोघींपैकी कोणती शिकवण लागू करायची हे ठरते. 2002 मध्ये मिलाद आणि क्वर्क यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगात असे दिसले की भीती मोडल्याच्या दुसऱ्या दिवशी, पूर्वी धक्क्याशी जोडलेला तोच आवाज ऐकवला असता या मधल्या पट्ट्यातील पेशी प्रतिसाद देऊ लागल्या, आणि ज्या उंदरांमध्ये हा प्रतिसाद अधिक होता ते भीतीने कमी गोठून बसले. इतकेच नव्हे, तर ज्यांची भीती मोडलेलीच नव्हती अशा उंदरांमध्ये आवाजाबरोबर तो भाग उद्दीपित केला, तेव्हाही त्यांचे गोठणे कमी झाले. म्हणजे भीती कमी होताना मेंदू थकून गप्प बसत नाही, त्याचा एक भाग तेव्हा कामाला लागलेला असतो. माणसांच्या बाबतीत चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. उपचाराच्या खोलीत या भागांच्या नावांचा थेट उपयोगही फारसा होत नाही, म्हणून हा विषय येथेच सोडतो.

प्रत्यक्ष रुग्णाच्या बाबतीत फरक काय पडतो?

आता उदाहरण घेऊ. अडतीस वर्षांच्या एक शिक्षिका शिवाजीनगर परिसरात राहतात आणि स्वारगेटजवळच्या शाळेत शिकवतात. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात खच्चून भरलेल्या पीएमपीत त्यांना पहिला अटॅक आला. छातीत धडधड, हातापायांना मुंग्या, डोळ्यांपुढे धूसरपणा, आणि "मी आता पडते" अशी खात्री. बस थांबवून त्या उतरल्या. ईसीजी, रक्ततपासण्या, थायरॉइड, सगळे निर्दोष आले. तरी त्यांनी बस सोडली, आणि 29 सप्टेंबर 2024 रोजी सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट हा मेट्रोचा भुयारी टप्पा सुरू झाला तेव्हा घरच्यांनी सुचवूनही त्या रिक्षानेच जात राहिल्या. त्यांच्या शब्दांत, "बसमधून उतरता तरी येतं, बोगद्यात कुठे उतरणार?"

त्यांचा पहिला उपचार सवयीच्या तत्त्वावर झाला. पतीला सोबत घेऊन, दुपारच्या मोकळ्या वेळात, शिवाजीनगर ते स्वारगेट आणि परत असा प्रवास त्यांनी तीन आठवडे केला. हातात ओआरएसची बाटली, पर्समध्ये डॉक्टरांनी गरजेपुरती दिलेली गोळी, तोंडात खडीसाखर, आणि जागा नेहमी दाराशेजारची. भीतीचा आकडा ऐंशीवरून वीसवर आला. सर्वांना वाटले, झाले काम.

गणेशोत्सवात एकदा मंडई स्थानकावर त्या गर्दीत एकट्या सापडल्या, पती फलाटावर मागे राहिले आणि दार बंद झाले. अटॅक पूर्वीइतकाच जोरदार आला. "तीन आठवडे वाया गेले," असे त्या म्हणाल्या.

वाया गेले नव्हते, पण मेंदूने जे शिकले ते असे होते: "दुपारी, मोकळ्या डब्यात, नवरा शेजारी असताना, बाटली हातात असताना, दाराशी उभे राहिले तर बोगदा चालतो." शिकवण अगदी अचूक होती. मंडईच्या गर्दीत तिच्यातली एकही अट शिल्लक राहिली नव्हती.

मग दुसऱ्या वेळी काय वेगळे केले?

सर्वात आधी भीतीचा आकडा विचारणे मागे ठेवले आणि त्याऐवजी अपेक्षा विचारली: नेमके काय होईल, किती वेळात होईल, आणि ते घडण्याची शक्यता शंभरपैकी किती वाटते? "भीती वाटेल" हे उत्तर चालत नाही, कारण भीती वाटणारच आहे आणि तिच्यामुळे काही खोटे ठरत नाही. बऱ्याच प्रश्नोत्तरांनंतर त्यांची अपेक्षा पुढीलप्रमाणे लिहिली गेली: "छाती जोरात धडधडू लागली आणि मी बसले नाही किंवा पाणी प्यायले नाही, तर पाच मिनिटांत मी बेशुद्ध पडेन." शक्यता त्यांनी पंचाऐंशी सांगितली.

या वाक्यात बोगदा कुठेही नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. खरी भीती धडधडीची होती. बोगद्याने फक्त सुटकेची वाट बंद केली होती. म्हणून सुरुवात मेट्रोने न करता धडधडीने केली.

पहिल्या सत्रात क्लिनिकमध्येच उभे राहून एक मिनिट जोरजोरात, खोल श्वास घेतले. रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात, आणि चक्कर, मुंग्या, धूसरपणा ही सगळी लक्षणे हुबेहूब येतात. त्या भिंतीला धरू लागल्या, तेव्हा दुसऱ्यांदा खोलीच्या मधोमध उभे राहून केले. तिसऱ्यांदा दोन मिनिटे केले, आणि नंतर बसायचे नाही, पाणी प्यायचे नाही, पाच मिनिटे घड्याळ लावून उभे राहायचे. प्रत्येक वेळी आधी अपेक्षा लिहिली आणि नंतर काय घडले ते लिहिले. पंचाऐंशीची शक्यता सत्राच्या शेवटी साठवर आली.

दुसऱ्या आठवड्यात पर्वती. पायथ्यापासून 103 पायऱ्या न थांबता, जमेल तितक्या वेगाने चढायच्या आणि वर पोहोचल्यावर कठड्याला न टेकता, बाटली न उघडता पाच मिनिटे उभे राहायचे. पहिल्या दिवशी त्यांना मध्ये दोनदा थांबावे लागले, ते चालते. वर पोहोचल्यावर त्यांची छाती बसमधल्या त्या दिवसापेक्षा जास्त धडधडत होती, हे त्यांनी स्वतःच नोंदवले. शक्यता पस्तीसवर आली.

मेट्रो तिसऱ्या आठवड्यात, आणि दुपारी नव्हे.

बाटली, गोळी, सोबत यांवर इतका भर का? त्याने आधार मिळतो ना?

आधार मिळतो, आणि अडचण तिथेच आहे. बेशुद्ध न पडण्याचे श्रेय बाटलीला गेले, तर "धडधड धोकादायक नाही" हे शिकायला जागा उरत नाही. 1991 मध्ये पॉल सालकोव्स्किस यांनी हे नेमकेपणाने मांडले: शेकडो अटॅक येऊनही माणूस एकदाही कोसळत नाही, तरी त्याची खात्री ढळत नाही, कारण प्रत्येक वेळी आपण वेळेवर बसलो, पाणी प्यालो, उतरलो म्हणून वाचलो असा हिशेब तो मांडतो. शिकणे घडते ते अपेक्षा आणि घटना यांच्यातील तफावतीतून. रेस्कोर्ला आणि वॅग्नर यांनी 1972 मध्ये हेच सूत्ररूपात सांगितले होते. धक्का येणार अशी खात्री असताना तो आला नाही, तर मेंदू सर्वाधिक शिकतो. बाटली हातात असली की खात्रीच कमी होते, म्हणून तफावतही कमी आणि शिकणेही कमी.

या मुद्द्यावर क्षेत्रात एकमत नाही, हेही सांगितले पाहिजे. स्टॅनली रॅकमन यांच्यासारख्या जाणकारांनी असे मत मांडले आहे की सुरुवातीला मोजका आधार ठेवला तर रुग्ण उपचारात टिकतो आणि नुकसान होत नाही. माझा अनुभव असा की पहिल्या एक-दोन पावलांना आधार चालतो, मात्र तो कधी काढायचा हे आधीच लिहून ठेवावे लागते. "जमेल तेव्हा काढू" असे ठेवले की तो कधीच सुटत नाही.

गोळीचा प्रश्न जरा वेगळा आहे. अल्प्राझोलामसारखी झटपट शांत करणारी औषधे एक्स्पोजरबरोबर घेतली, तर औषध थांबवल्यानंतर एक्स्पोजरचा फायदाही कमी टिकतो, असे 1993 मध्ये आयझॅक मार्क्स आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसले. म्हणून गोळी स्वतःहून बंद करावी असा अर्थ अजिबात नाही. ही औषधे अचानक थांबवणे धोक्याचे असते. मात्रा कशी उतरवायची आणि कोणत्या दिवशी सत्र ठेवायचे, हे मनोविकारतज्ज्ञांनी ठरवायचे असते. रोजची नैराश्य-चिंतेवरील औषधे ही या चर्चेत येत नाहीत.

सत्राच्या शेवटी भीती कमी झालीच नाही तर सत्र फुकट गेले का?

नाही, आणि या मांडणीतील व्यवहाराला सर्वात उपयोगी भाग माझ्या मते हाच आहे. एका सत्रात भीती किती उतरली यावरून पुढच्या महिन्यात रुग्ण कसा असेल याचा अंदाज नीट बांधता येत नाही, असे अनेक अभ्यासांतून दिसले आहे.

आपल्या शिक्षिकांच्या मेट्रोच्या पहिल्याच फेरीचे उदाहरण घ्या. सकाळी साडेनऊची वेळ, सिव्हिल कोर्ट स्थानक, जे जमिनीखाली सुमारे 33 मीटर खोल आहे. एस्केलेटरऐवजी पायऱ्यांनी उतरायचे, म्हणजे धडधड आधीच सुरू होते. फोन बंद, बाटली घरी, जागा डब्याच्या मधोमध. चढताना त्यांनी भीती पंचाहत्तर सांगितली आणि स्वारगेटला उतरताना सत्तर. जुन्या हिशेबाने हे सत्र फसलेले. पण फलाटावर त्यांनी लिहिले: "पूर्ण वेळ धडधडत होतं. पडले नाही. हात थरथरत होते तरी स्टेशनचं नाव वाचता आलं." शक्यतेचा आकडा पस्तीसवरून पंधरावर आला. भीती शाबूत असतानाच त्यांना कळले की धडधड पूर्ण वेळ राहिली तरी बेशुद्धी येत नाही. भीती मध्येच उतरली असती, तर "धडधड थांबली म्हणून वाचले" ही पळवाट शिल्लक राहिली असती.

त्यांनी विचारले, "पण मॅडम, मग भीती जाणार कधी?" उत्तर असे दिले की ती बहुधा कमी होईल, पण तिच्या वेळेने. सत्र संपवण्याची अट तिला करायची नाही, कारण भीती उतरेपर्यंत थांबायचे असे ठरवले की माणूस पुन्हा तिच्यावरच नजर ठेवून बसतो.

प्रवास करताना मन दुसरीकडे वळवावे का? रामरक्षा म्हटली तर?

रामरक्षा रोज म्हणत असाल तर ती बंद करायला कोणी सांगणार नाही. प्रश्न फक्त इतकाच की ती त्या क्षणी कशासाठी म्हटली जाते. "म्हटली नाही तर पडेन" असे असेल, तर ती बाटलीच्याच रांगेत बसते. गाणी ऐकणे, मोबाइलमध्ये डोके घालणे, मनात पाढे म्हणणे यांनाही हाच निकष लावावा.

शिकण्यासाठी खुणेकडे लक्ष असणे आवश्यक आहे. धडधड होत आहे हे कळतच नसेल, तर "धडधड झाली आणि काही झाले नाही" ही जोडणी बनणार कशी? उलट, त्या क्षणी जे वाटते ते शब्दांत सांगणे उपयोगी ठरू शकते. 2012 मध्ये कर्कान्स्की, लिबरमन आणि क्रास्के यांनी कोळ्याला भिणाऱ्या लोकांवर केलेल्या प्रयोगात, "मला हा किळसवाणा, भयानक कोळी पाहून धास्ती वाटते आहे" अशा स्पष्ट शब्दांत सांगणाऱ्यांची शारीरिक प्रतिक्रिया आठवड्यानंतर इतर गटांपेक्षा कमी आढळली. स्वतःला "काही नाही, काही नाही" असे समजावणे त्यापेक्षा वेगळे आहे, आणि सत्राच्या आधी तर ते टाळावेच. आधीच समजूत घातली की अपेक्षा खाली येते आणि तफावत हातची जाते. समजावणे सत्रानंतर, कागदावर, काय घडले ते पाहून करायचे.

एकाच मार्गावर रोज सराव केला तर लवकर फायदा होईल का?

आकडा लवकर उतरेल, पण शिकलेले त्या मार्गापुरते राहण्याचा धोका वाढेल, हे मंडईच्या प्रसंगात दिसलेच. रोखणारी शिकवण परिस्थितीला चिकटून असते, तर भीतीची शिकवण कुठेही सहज पोहोचते. हा निसर्गाचा कल समजण्याजोगा आहे. सापाला एका शेतात भ्यायलो आणि दुसऱ्या शेतात निर्धास्त फिरलो, असे करणारे पूर्वज फार टिकले नसावेत.

म्हणून सराव मुद्दाम विस्कळीत ठेवला. एक दिवस सकाळी, एक दिवस संध्याकाळी सातच्या गर्दीत. कधी कसबा पेठला उतरून पुढच्या गाडीने, कधी मंडईला. एकदा उपाशीपोटी नव्हे पण चहा घेऊन, कारण चहाने धडधड वाढते म्हणून त्यांनी तो दोन वर्षे सोडला होता. एकदा भर दुपारी पीएमपीने. चढती यादी करून सोप्याकडून अवघडाकडे जायचे, हा क्रमही काही दिवसांनी मोडला. अवघड, सोपे, पुन्हा अवघड असे केले, कारण बाहेरचे जग यादीच्या क्रमाने समोर येत नाही.

आणखी एक गोष्ट येथे केली जाते: दोन खुणा आधी स्वतंत्रपणे हाताळून मग एकत्र आणणे. धडधड क्लिनिकमध्ये आणि पर्वतीवर हाताळली होती, बोगदा शांतपणे बसून हाताळला होता. मग डब्यात शिरण्याआधी जिन्याच्या पायऱ्या धावत उतरून, धापा टाकत, गर्दीच्या मधोमध. दोन्ही एकदम असताना वाटणारी खात्री पुन्हा साठवर गेली, आणि ती खोटी ठरली तेव्हाची शिकवण त्या दोघींतील कोणत्याही एकीपेक्षा भक्कम झाली.

उपचार चुकत चालला आहे हे कसे ओळखावे?

सर्वात सामान्य खूण अशी: सत्रे होत आहेत, रुग्ण धीराने सगळे करतो आहे, पण अपेक्षेचा आकडा हलत नाही. अशा वेळी तीन शक्यता तपासतो. एक, कुठेतरी लपलेला आधार आहे. आमच्या शिक्षिकांच्या बाबतीत चौथ्या आठवड्यात लक्षात आले की त्या पोटऱ्या घट्ट आवळून उभ्या राहत होत्या, "तोल जाऊ नये म्हणून". हे बाहेरून कोणाला दिसले नसते. विचारल्यावरही पटकन सांगता आले नाही, कारण ते अंगवळणी पडले होते. दोन, अपेक्षा चुकीची लिहिली आहे. कोणाला बेशुद्धीची भीती नसते, तर लोकांसमोर शोभा होण्याची असते. तेव्हा बेशुद्ध न पडण्याने काहीच खोटे ठरत नाही, आणि मग मंडईच्या फलाटावर मुद्दाम खाली बसून लोक काय करतात ते पाहावे लागते. तीन, अपेक्षेला मुदत नाही. "कधीतरी हार्ट अटॅक येईल" ही अपेक्षा आजच्या सत्रात तपासता येत नाही. "या पाच मिनिटांत" असे लिहिले तरच ती तपासता येते.

दुसरी चूक चिकित्सकाची असते. रुग्णाचा त्रास पाहवत नाही म्हणून तो मध्येच धीर देतो, "काही होणार नाही, मी आहे ना". मग चिकित्सक हीच बाटली बनते. मीही हे केले आहे.

ही पद्धत सर्वांना चालते का?

श्वासाचे आणि पायऱ्यांचे प्रयोग हृदयविकार, दमा, अपस्मार किंवा गर्भारपण असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत. छातीत दुखण्याचे कारण आधी तपासलेच पाहिजे.

एक अपवाद विशेष महत्त्वाचा आहे. पॅनिक अटॅकमध्ये रक्तदाब सहसा वाढतो, आणि बेशुद्धीला तो एकदम पडावा लागतो, म्हणून "बेशुद्ध पडेन" ही अपेक्षा बहुतेक वेळा खोटी ठरते. पण रक्त, इंजेक्शन आणि जखम यांच्या भीतीत रक्तदाब आधी चढतो आणि मग झपाट्याने पडतो, आणि माणूस खरोखर कोसळू शकतो. अशा रुग्णाला "पाहा, काही होत नाही" असे दाखवायला गेलो तर उलटेच शिकवले जाईल. त्यांच्यासाठी लार्स-गोरान ऑस्ट यांनी हातपायांचे स्नायू काही सेकंद आवळून रक्तदाब टिकवण्याचे तंत्र शिकवले, आणि एक्स्पोजर त्याच्यासह करतात. शिक्षिकांच्या पोटऱ्या आवळणे आम्ही थांबवले आणि या रुग्णांना तेच शिकवतो, यात विसंगती नाही. एकाला टाळायचा खरा धोका आहे, दुसऱ्याला नाही.

शिवाय ही नवी मांडणी सवयीवर आधारलेल्या जुन्या पद्धतीपेक्षा प्रत्येक तुलनेत ठळकपणे सरस ठरली आहे, असे म्हणता येणार नाही. जुन्या पद्धतीनेही असंख्य लोक बरे झाले आहेत, आणि त्या सत्रांतही अपेक्षा खोट्या ठरतच होत्या. नव्या मांडणीचा मोठा उपयोग मला दिसतो तो भीती परत येते तेव्हा, कारण ती का आली आणि आता काय करायचे हे जुनी मांडणी नीट सांगू शकत नव्हती.

उपचार संपल्यावर भीती परत आली तर काय करावे?

ती येईल असे धरूनच उपचार संपवतात. शेवटची सत्रे आठवड्याऐवजी पंधरा दिवसांनी, मग महिन्याने ठेवतात, म्हणजे मधल्या काळात जुनी शिकवण थोडी डोके वर काढते आणि तिला नव्याने रोखण्याचा सराव होतो. शिवाय प्रत्येक वेळी भेट क्लिनिकमध्येच होऊ देत नाहीत.

शिक्षिकांनी पुढच्या गणेशोत्सवापूर्वीच्या महिन्यात फोन केला. घरात एक आजारपण झाले होते, दोन रात्री झोप नव्हती, आणि मेट्रोत धडधड सुरू होताच त्या पुढच्या स्थानकावर उतरल्या होत्या. आजारपणाचा मेट्रोशी काही संबंध नव्हता, पण रेस्कोर्लांच्या उंदरांना बसलेल्या त्या असंबद्ध धक्क्यासारखेच हे होते. त्यांना अपेक्षा विचारली. पंधरावरून चाळीसवर गेली होती, पंचाऐंशीवर नाही. दुसऱ्याच दिवशी, म्हणजे टाळण्याला मुरायला वेळ न देता, त्याच स्थानकावरून, एकट्याने, पायऱ्या धावत उतरून परत जायचे ठरले. संध्याकाळी त्यांचा संदेश आला. त्यात भीतीचा आकडा दिलेलाच नव्हता. लिहिले होते: "आधी 40. पडले नाही. आता 20. उद्या सातच्या गर्दीत, मंडईहून."